चुकून आलेले २४,००० रुपये : एका किराणा दुकानदाराचं प्रकरण

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँक मित्र म्हणून काम करतो. अंगठा लावून पैसे काढणे, खाते उघडणे, पासबुक भरणे ही माझी रोजची कामं. हे प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर उलगडलं आणि त्यातले अर्धे अर्ज मीच लिहून दिले. ज्याच्यावर हे गुदरलं त्याला गावात सगळे 'भाऊ' म्हणतात, म्हणून इथेही भाऊच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच आहे.

पार्श्वभूमी

भाऊचं वय पस्तिशीच्या आसपास. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर, आणि बसथांब्याजवळ एक लहान किराणा दुकान. दुकानाच्या फळीवर क्यूआरचं स्टिकर, आणि वर पाटीवर मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात रंगवलेला. यूपीआय आयडीतही तोच नंबर. खातं मात्र एकच होतं. दुकानाचा गल्ला त्यात, कापसाचे पैसे त्यात, पोरीच्या शाळेची फी त्यातूनच. खेड्यात बहुतेकांचं असंच असतं, आणि हीच गोष्ट पुढे सगळ्यात महाग पडली.

प्रसंग

कापूस वेचणीचे दिवस, त्यात आठवडी बाजाराचा वार. दुकानात गर्दी. पावणेएकच्या सुमारास फोनवर मेसेज आला की खात्यात २४,००० जमा झाले. चार मिनिटांनी अनोळखी नंबरावरून फोन. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. आई नागपूरच्या दवाखान्यात आहे, डिपॉझिट भरायचं होतं, एक आकडा चुकला आणि पैसे तुमच्याकडे गेले, असं त्याचं म्हणणं. आवाज रडवेला.

भाऊने पहिली गोष्ट बरोबर केली. मेसेजवर विश्वास न ठेवता बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक पाहिली. या फसवणुकीचा एक जुना प्रकार असा असतो की जमा झाल्याचा मेसेजच खोटा असतो, खात्यात छदामही आलेला नसतो, आणि माणूस स्वतःच्या पदरचे पैसे 'परत' करून बसतो. तो फसवा प्रकार शिल्लक पाहिली की दोन मिनिटांत उघडा पडतो. इथे मात्र पैसे खरंच आले होते. आधी ३८,१५० होते, आता ६२,१५० दिसत होते.

भाऊची शंका तिथेच संपली. "पैसे आलेच होते ना बाप्पा, मंग त्यात खोटं काय?" असं तो मला नंतर म्हणाला. पुढचं सगळं या एका वाक्यावर घडलं.

दुसरा फोन दहा मिनिटांनी. ज्या नंबरावरून पैसे आले तिकडे नको, दुसऱ्या नंबरावर टाका, त्या खात्याचं आजचं लिमिट संपलं आहे. ॲपमध्ये पाठवणाऱ्याचं नाव एका बाईचं दिसत होतं. भाऊने विचारलं तर म्हणे बायकोचं खातं आहे. भाऊची बायको मागून म्हणाली, "आता काऊन घाई करता, संध्याकाळी बँकवाल्याले विचारा." तो बँकवाला म्हणजे मी. तेवढ्यात तिसरा फोन आला, आणि या वेळी सूर बदलला होता. पैसे ठेवून घेतले तर पोलिसात देईन, तुमच्या दुकानाचा फोटो माझ्याकडे आहे.

दुसऱ्याचा पैसा अंगाला लागत नाही, असं आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात. भाऊला लोभ सुटला नव्हता. उलट आपल्यावर चोरीचा आळ येईल याची त्याला धास्ती होती. एक वीसला त्याने सांगितलेल्या नंबरावर आधी १०,००० आणि मग १४,००० पाठवले. समोरच्याने "भगवान आपका भला करे" म्हणून फोन ठेवला. भाऊने समाधानाने एका गिऱ्हाइकाला तूरडाळ मोजून दिली.

मुळात काय घडत होतं

हे आम्हाला पुढे कळलं. पण वाचणाऱ्याला आत्ताच सांगितलेलं बरं, नाहीतर निर्णय कुठे चुकला ते दिसणार नाही.

फोन करणारा पैशाचा मालक नव्हता. परराज्यातल्या एका वयस्क बाईला त्याने किंवा त्याच्या साथीदाराने गॅस कनेक्शन बंद होणार असल्याची भीती दाखवली होती, आणि तिने जे पैसे भरले ते भाऊच्या यूपीआयवर भरायला लावले. म्हणून ॲपमध्ये बाईचं नाव. पैसे स्वतःच्या खात्यात घेतले असते तर पोलिसांना पहिला माग थेट त्याच्याकडे लागला असता. मधे भाऊ आला की कागदावर चित्र असं दिसतं : बाईचे पैसे भाऊकडे गेले, अर्ध्या-पाऊण तासात भाऊने ते तिसऱ्याला पाठवले. खाती भाड्याने देणारे भामटे नेमकं हेच करतात. बँकेच्या नोंदीत प्रामाणिक माणूस आणि त्यांच्यात काही फरक दिसत नाही.

बाईने दुसऱ्या दिवशी मुलाच्या मदतीने १९३० वर तक्रार केली. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन आहे आणि तिला देशभरातल्या बँका जोडलेल्या आहेत. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्या सगळ्या साखळीला थांबवण्याची सूचना जाते. साखळीतली पहिली कडी भाऊ होता.

अडचण

अकरा दिवसांनी भाऊने घाऊक व्यापाऱ्याला साखरेचे पैसे पाठवायला घेतले तर व्यवहार होईना. त्याला वाटलं रेंज नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग पासबुक घेऊन माझ्याकडे आला. मी पाहिलं तर खात्यातून पैसे बाहेर जाणं बंद केलेलं होतं. शाखेत विचारलं तर काउंटरवरून तीन शब्द आले : "सायबरचा होल्ड आहे."

मधल्या दिवसांत सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर घातलेल्या कापसाचे ४७,३०० त्याच खात्यात जमा झाले होते, कारण आधार त्याच खात्याला जोडलेलं. दुकानाची विक्री धरून शिल्लक ८३,००० च्या घरात. वाद २४,००० चा, पण अडकले सगळेच. आणि एक गोष्ट कुणाच्या लवकर लक्षात येत नाही : अशा होल्डमध्ये पैसे बाहेर जात नाहीत, पण आत येत राहतात. भाऊच्या फळीवरचं स्टिकर तसंच होतं. शाखेत जाऊन आल्यावरही दोन दिवस गिऱ्हाइकं स्कॅन करत राहिली आणि आणखी ४,१०० त्या विहिरीत पडले. म्हणून आम्ही सगळ्यात आधी ते स्टिकर काढलं, आणि वहिनींच्या खात्याचं लावलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. शाखेतला एक जण म्हणाला, काही दिवसांत आपोआप सुटतं. मला ते पटलं नाही. होल्ड बँकेने स्वतःहून लावलेला नव्हता, तो पोलिसांच्या सांगण्यावरून होता, आणि ज्याने सांगितलं त्याने काढ म्हटल्याशिवाय बँक तो काढत नव्हती.

दुसरा पर्याय बाजारातल्या एका 'सेटिंगवाल्याचा'. पाच हजारांत खातं मोकळं करून देतो म्हणाला. भाऊ जवळजवळ तयार झाला होता. मी त्याला एवढंच विचारलं की हा माणूस कोणत्या राज्यातल्या कोणत्या ठाण्याला फोन करणार ते त्याला तरी माहीत आहे का. त्याला माहीत नव्हतं, कारण तोवर ते आम्हालाही माहीत नव्हतं.

तिसरा कोर्टाचा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या प्रकरणात बँकांना सांगितलं होतं की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली तेवढ्यापुरतीच अडवणूक ठेवा. तो निकाल आपल्याला उपयोगी पडतो हे खरं, पण आपल्यासाठी उच्च न्यायालय म्हणजे नागपूर खंडपीठ, आणि वकिलाची फी, हेलपाटे, तारखा. ८३,००० साठी हा शेवटचा उपाय म्हणून बाजूला ठेवला.

चौथा पर्याय सरळ पण कंटाळवाणा : होल्ड कुणी लावला ते लेखी काढून घ्यायचं, त्या तपास अधिकाऱ्याला कागदपत्रांसह आपली बाजू कळवायची, आणि वादातली रक्कम सोडून बाकीचं मोकळं करा अशी मागणी करायची. आम्ही हा धरला.

काय केलं

शाखेत लेखी अर्ज दिला. त्यात चार गोष्टी मागितल्या : तक्रारीचा नोंद क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं ठाणं, त्यांचा ईमेल, आणि वादातली रक्कम किती. आधी टाळाटाळ झाली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतल्यावर दोन दिवसांत माहिती मिळाली. तोंडी विचारणाऱ्याला 'वरून आलंय' एवढंच उत्तर मिळतं. ज्याच्या हातात शिक्क्याची प्रत असते त्याच्यासाठी मॅनेजर स्वतः संगणक उघडतात, हा माझा अनुभव.

त्याच दिवशी भाऊने स्वतःची तक्रार १९३० वर नोंदवली आणि cybercrime.gov.in वर कागद चढवले. तो म्हणत होता, "मायावरच तक्रार हाये, मी कायले तक्रार करू?" पण फसवला तोही गेला होता, आणि त्याने २४,००० कुठे पाठवले हे पोलिसांना त्याच्याकडूनच सगळ्यात स्पष्ट कळणार होतं. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, पैसे घेणाऱ्याचा नंबर, फोन आलेले नंबर, सगळं दिलं. उशीर मात्र झाला होता. पुढच्या खात्यातले पैसे त्याच दुपारी एटीएममधून निघाले होते. तालुक्याच्या ठाण्यातही अर्ज देऊन पोच घेतली.

मग तपास अधिकाऱ्याला ईमेल. आधार, खात्याचा तीन महिन्यांचा उतारा, दुकानाचं उद्यम नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा आणि सीसीआयची कापूस विक्रीची पावती. शेवटचे दोन कागद मी मुद्दाम जोडायला लावले. ८३,००० मधले ४७,३०० कुठून आले हे कागदावर दिसलं की बाकीची रक्कम सोडायला अधिकाऱ्याला आधार मिळतो. फोनच्या नोंदींचा स्क्रीनशॉटही जोडला : बारा एकोणपन्नास, बारा एकोणसाठ, एक बारा असे तीन फोन, आणि एक वीसला पैसे गेले. भाऊच्या बाजूने बोलणारा सगळ्यात भक्कम पुरावा तोच ठरला. खातं भाड्याने देणाऱ्याला फोन करून विनवावं लागत नाही.

तिसऱ्या प्रयत्नात अधिकाऱ्याने फोन उचलला. बोलणं हिंदीत, पण सरळ. २४,००० वर होल्ड राहील, बाकीचं सोडायला हरकत नाही, तसं लेखी द्या. भाऊला एक रात्र झोप आली नाही. लेखी देणं म्हणजे २४,००० वरचा हक्क सोडून दिल्यासारखंच होतं, आणि एवढे पैसे त्याने एकदा परत केलेलेच होते. लढायला जागा होती, कारण त्याने त्यातला एक रुपया खाल्ला नव्हता. पण त्यासाठी परराज्यातल्या कोर्टात उभं राहावं लागलं असतं. मी त्याला काहीच सुचवलं नाही, फक्त रेल्वेचं भाडं आणि बुडणारे दिवस कागदावर मांडून दाखवले. सकाळी त्याने सही केली.

निष्पत्ती

पैसे अडल्याचं कळल्यापासून तेहतिसाव्या दिवशी पूर्ण खात्यावरचा होल्ड निघाला आणि फक्त २४,००० अडकून राहिले. काही महिन्यांनी त्या राज्यातल्या न्यायालयाच्या आदेशाने ते २४,००० बाईच्या खात्यात गेले. नव्या फौजदारी प्रक्रियेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जप्त मालमत्ता हक्कदाराला देण्यासाठी कलम ५०३ आहे, आदेश त्याखाली निघाला.

हिशेब असा : बाईला तिचे पैसे मिळाले. भामट्याला २४,००० मिळाले. ते भाऊच्या खिशातून गेले. शिवाय महिनाभर साखर-तेल उधारीवर घ्यावं लागलं आणि व्यापाऱ्याने रोखीची सूट दिली नाही.

निर्णयाची जागा : ती पस्तीस मिनिटं

शेवटच्या तीस दिवसांत आम्ही जे केलं ते डागडुजीचं काम होतं. खरा निर्णय पावणेएक ते एक वीसच्या मधला.

भाऊने स्वतःला विचारलेला प्रश्न होता, पैसे खरंच आले का? विचारायला हवा होता तो दुसराच : हे पैसे फोनवरच्या माणसाचे आहेत कशावरून? फोनवरचा माणूस आणि पैसे पाठवणारं खातं यांना जोडणारा एकही धागा भाऊकडे नव्हता. नाव बाईचं, फोन वेगळ्या नंबरावरून, आणि परत मागितले ते तिसऱ्याच नंबरावर. लिमिटची सबब तर उघड खोटी होती. यूपीआयचं रोजचं लिमिट पाठवण्यावर असतं. परत आलेले पैसे स्वीकारायला ते आड येत नाही.

मग ज्या नंबरावरून आले त्याच नंबरावर परत पाठवले असते तर? या प्रकरणात ते बाईलाच मिळाले असते, म्हणजे नुकसान टळलं असतं. तरी मी तो रस्ता सुचवत नाही. कधी कधी पाठवणाऱ्याचा फोनच भामट्याच्या ताब्यात असतो, आणि बाईने आधीच तक्रार केली असती तर होल्ड तरीही लागला असताच.

खऱ्या चुकीचा रस्ता वेगळा असतो, आणि तो पाठवणाऱ्याच्या बाजूने सुरू होतो. ज्याच्या हातून चूक झाली तो आपल्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार टाकतो किंवा आपल्या बँकेत अर्ज देतो. त्याची बँक आपल्या बँकेला कळवते, आपली बँक आपल्याला विचारते, आपण संमती दिली की पैसे आले त्याच खात्यात परत जातात. वेळ लागतो. पण प्रत्येक पावलाची नोंद राहते आणि पैसे तिसरीकडे जाऊ शकत नाहीत. म्हणून फोनवर एवढंच सांगायचं होतं : "पैसे आले हायेत, मी हात लावत नाही. तुमच्या बँकेत अर्ज करा, माया बँकेतून विचारणा आली की मी सही करतो." खऱ्या माणसाला हे ऐकून राग येईल, पण तो बँकेत जाईल. भामटा बँकेत जाऊ शकत नाही.

आणि त्याच दिवशी आपल्या शाखेत अर्धं पान. मी आता दुकानदारांना हा मजकूर तयारच देतो :

"आज दुपारी … वाजता माझ्या खात्यात रु. … जमा झाले. यूपीआय संदर्भ क्र. … पाठवणाऱ्यास मी ओळखत नाही. … या क्रमांकावरून रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवण्याची मागणी होत आहे. मी रक्कम वापरलेली नाही. बँकेने पाठवणाऱ्या बँकेशी संपर्क करून रक्कम मूळ खात्यातच परत करावी, त्यास माझी संमती आहे."

दोन प्रती, एकीवर पोच. रविवार असेल तर तोच मजकूर शाखेच्या ईमेलवर. पैसे मात्र खर्च करायचे नाहीत. दुसऱ्याचे आहेत हे कळूनही वापरले तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा होऊ शकतो. हा अर्ज दिला म्हणजे होल्ड लागणारच नाही अशी हमी मी देत नाही. सूचना यंत्रणेतून येते, ती अर्ज वाचत नाही. पण मग वादातले २४,००० खात्यात पडून असते, गेले असते ते बाईचे, भाऊचे नव्हे. आणि तपास अधिकाऱ्याला पहिल्याच दिवसाची शिक्क्याची प्रत दाखवता आली असती.

माझीही एक चूक यात आहे. दुकानदारांचं खातं उघडताना मी कधीच म्हटलं नव्हतं की क्यूआर एका खात्याला आणि कापूस दुसऱ्या खात्याला ठेवा. भाऊचं तसं असतं तर अडकले असते गल्ल्याचे तीस-पस्तीस हजार, शेताचे पैसे मोकळे राहिले असते.

त्यानंतर

चैत्रात भाऊच्या नव्या खात्यात १,५०० आले आणि लगेच फोन. या वेळी वऱ्हाडीत : "भाऊ, चुकून तुमच्याकडे गेले जी पैसे." शेजारच्या गावचा माणूस, आवाजही थोडा ओळखीचा. भाऊने त्याला बँकेत अर्ज करायला सांगितला आणि स्वतः माझ्याकडून अर्धं पान लिहून घेतलं. माणूस खरा निघाला. त्याच्या बँकेतून विचारणा आली, भाऊने सही केली, आठ दिवसांनी पैसे परत गेले. तेव्हापासून तो भाऊच्या दुकानाची पायरी चढलेला नाही. भाऊ म्हणतो, "नाही आला त नाही आला."